१३१४ डॉलर, ११७० डॉलर आणि मधले १४४ : एका अभिप्रायास उत्तर

अभिप्राय (एक तारा) : "फोनवर महिना १३१४ डॉलर सांगितले. घरी अकाउंटवर सातही महिने ११७० च्याच हिशेबाने आले, म्हणजे दर महिन्याला १४४ कापले. होल्ड क्लीनिंगला ओव्हरटाइम १३०-१४० तास गेला, त्याचा एक डॉलर जास्त नाही. साइन ऑफला एका पगाराएवढी रक्कम टेकवली आणि गप्प केलं. नागपूरच्या पोरांनी जपून राहावं."

सप्रेम नमस्कार,

आपण अभिप्रायासोबत कराराच्या वेतनपानाचे आणि शेवटच्या हिशेबाचे छायाचित्र स्वतः जोडले आहे, म्हणूनच त्यांतील आकडे मी येथे उघडपणे मांडत आहे. जहाजाचे व मालक कंपनीचे नाव घेत नाही. आपल्या दोन तक्रारींपैकी पहिली हिशेबाच्या गैरसमजातून आली आहे आणि तो गैरसमज आमच्याच भरती कार्यालयाने निर्माण केला. दुसरी तक्रार खरी आहे. त्यामुळे दोन्हींना वेगवेगळे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आपल्या करारात एबी, म्हणजे कुशल खलाशी, या पदासाठी बेसिक ७२० डॉलर, ओव्हरटाइम ४५० डॉलर आणि लीव्ह पे १४४ डॉलर असे तीन आकडे आहेत. त्यांची बेरीज १३१४ होते आणि फोनवर आमच्या कर्मचाऱ्याने आपल्याला तेवढीच बेरीज सांगितली. नागपुरात घरची मंडळी "पगार किती?" एवढा एकच प्रश्न विचारतात आणि त्याला एकच आकडा उत्तर म्हणून देण्याची सवय आम्हांलाही लागली, ही आमची चूक आहे. जहाजावरच्या वेतनातील प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा मोबदला असतो आणि तो हातात पडण्याची वेळही वेगळी असू शकते. हे सही करण्यापूर्वी समोर बसवून सांगायला हवे होते.

बेसिक हे फक्त ठरलेल्या कामाच्या तासांचे, म्हणजे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचे वेतन असते. वर्षाचे ५२ आठवडे धरून १२ ने भागले की महिन्याची सरासरी २०८ तास येते. पुढचे सारे याच बेसिकवर बेतलेले असते. ७२० ला २०८ ने भागले की तासाचा दर ३.४६ डॉलर येतो आणि त्याची सव्वापट केली की ओव्हरटाइमचा दर ४.३३ डॉलर होतो. सागरी कामगार करार, २००६ च्या मार्गदर्शक तरतुदींनुसार हा दर सव्वापटीहून कमी असू नये. लीव्ह पेसुद्धा बेसिकवरूनच निघतो : ७२० भागिले ३० म्हणजे दिवसाला २४ डॉलर आणि आपल्या करारात महिन्याला सहा दिवसांची पगारी रजा आहे, म्हणून १४४. एकूण आकडा सारखाच असलेल्या दोन नोकऱ्या समोर आल्या, तर आधी बेसिक पाहावे असे मी मुलांना सांगतो, ते याच कारणासाठी. बेसिक कमी दाखवून एखाद्या भत्त्याने बेरीज भरून काढली असेल, तर ओव्हरटाइमचा तास आणि रजेचा दिवस दोन्ही स्वस्त झालेले असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या संयुक्त सागरी आयोगाने एबीसाठी १ जानेवारी २०२५ पासून किमान बेसिक ६७३ डॉलर ठरवले होते. आपले ७२० त्याच्या वर होते, एवढे येथे नोंदवतो.

आता ते १४४ डॉलर. ते कापले गेलेले नाहीत. आपल्या वेतनपानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, लीव्ह पे महिन्यागणिक जमा होत जाईल आणि साइन ऑफच्या, म्हणजे जहाज सोडण्याच्या, वेळी एकरकमी दिला जाईल असे लिहिले आहे. काही कंपन्या तो दरमहा देतात, काही शेवटी. आपल्या कंपनीची पद्धत दुसरी होती, म्हणून दरमहा ७२० आणि ४५० मिळून ११७० एवढेच घरी पोहोचले. आपण सात महिने बारा दिवस जहाजावर होतात. सात महिन्यांचे १००८ आणि बारा दिवसांचे ५७.६० मिळून लीव्ह पे १०६५.६० डॉलर होतो.

हा आकडा आपल्याला ओळखू का आला नाही, हे शेवटच्या हिशेबाचा कागद पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. त्यात शेवटच्या बारा दिवसांचे वेतन ४६८ आणि लीव्ह पे १०६५.६० मिळून १५३३.६० जमा आहेत. त्यातून जहाजावर घेतलेली रोख उचल ३०० आणि बॉन्ड स्टोअरचे, म्हणजे जहाजावरच्या दुकानाचे, बिल ९३.६० वजा होऊन हातात ११४० आले. ११४० हा आकडा आपल्या नेहमीच्या ११७० च्या इतका जवळ आहे की कोणालाही तो शेवटचा एक पगार वाटावा. वजाबाकीच्या दोन्ही रकमा खालच्या बाजूला आहेत आणि त्यांच्यापुढे आपली सही आहे. कृपया त्या ओळी एकदा पाहाव्यात. त्यांपैकी एखादी रक्कम आपण घेतलेली नसेल, तर तसे कळवावे. मी ती स्वतंत्रपणे तपासून घेईन.

हा अभिप्राय वाचणाऱ्या इतरांसाठी याच मुद्द्यावर एक गोष्ट सांगणे भाग आहे. लीव्ह पे हा कंपनीच्या मर्जीवरचा बोनस नाही. तो दिवसागणिक कमावलेला असतो, त्यामुळे कोणी आजारपणामुळे तिसऱ्याच महिन्यात उतरला तरी तेवढ्या दिवसांचा लीव्ह पे त्याचाच असतो. महिन्याला अडीच दिवस ही पगारी रजेची किमान मर्यादा आहे आणि तेवढी रजा सोडून देण्याचा करार मुळात निषिद्ध आहे. "पूर्ण मुदत केली तरच लीव्ह पे" असे वाक्य कोणाच्या करारात दिसले, तर सही करण्यापूर्वी तो कागद आमच्याकडे आणावा, मग भरती दुसऱ्या कोणाकडून होत असली तरी हरकत नाही.

ओव्हरटाइमबाबत मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. त्या रकान्यातील ४५० डॉलर म्हणजे १०४ तासांचा मोबदला आणि करारात त्याला "गॅरंटीड" हा शब्द आहे. या शब्दाचा अर्थ असा की ओव्हरटाइम साठ तास झाला तरी ४५० मिळणारच, परंतु १०४ च्या पुढे गेलेल्या प्रत्येक तासाचे ४.३३ डॉलर वेगळे द्यावे लागतात. याउलट काही करारांत सर्व ओव्हरटाइम एकत्रित वेतनातच धरलेला असतो आणि तेथे जादा तासाला वेगळे पैसे नसतात. अशा करारात ते वेतन किती तासांसाठी आहे हे स्पष्ट लिहिलेले असायला हवे. १३५० डॉलर सर्वसमावेशक आणि १३१४ डॉलर गॅरंटीड यांत पहिला आकडा मोठा दिसतो. पण महिन्याला १४० तास ओव्हरटाइम झाला, तर दुसऱ्या करारात ३६ तासांचे १५५.८८ जास्त मिळून १४६९.८८ होतात.

अडचण पुढे आहे. आपल्या सातही महिन्यांच्या ओव्हरटाइम शीटवर नेमके १०४ तास लिहिलेले आहेत, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही, आणि प्रत्येक शीटवर आपली सही आहे. इतका एकसारखा आकडा हाच मुळात संशय घ्यावा असा पुरावा आहे. कोळसा उतरवून पुढे धान्य भरायचे असताना सात होल्ड, म्हणजे माल ठेवण्याचे कोठे, झाडून, धुऊन, वाळवून तपासणीला द्यायचे होते. तो महिना आणि नांगरावर थांबलेला महिना यांचे तास सारखे असूच शकत नाहीत. साइन ऑफनंतर आपण विश्रांतीच्या तासांच्या नोंदींच्या प्रती कार्यालयात देऊन गेला होतात. त्या मी आपला अभिप्राय वाचल्यानंतर प्रथमच उघडून पाहिल्या. हे काम त्याच आठवड्यात व्हायला हवे होते आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

होल्ड क्लीनिंगच्या पहिल्या महिन्यात या नोंदींप्रमाणे आपले काम ३३९ तास भरते. त्यातून २०८ आणि १०४ वजा केले की २७ तास उरतात. म्हणजे त्याच जहाजावर, त्याच महिन्यात, एक कागद ३१२ म्हणतो आणि दुसरा ३३९. यात विश्रांतीचा नियम मोडलेला असेलच असे नाही. तो नियम आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मागतो, म्हणून ९१ तासांपर्यंतचे काम त्यात बसते. कराराने मोबदला दिलेले तास मात्र आठवड्याला सरासरी ७२ च असतात. मधले एकोणीस तास नियमात बसणारे, पण मोबदल्याच्या बाहेरचे असतात आणि पैसे बुडतात ते बहुधा याच जागेत. या २७ तासांचे ११६.९१ डॉलर मागणारे पत्र, दोन्ही कागदांच्या प्रतींसह, मी काल मालक कंपनीकडे पाठवले आहे.

दुसऱ्या महिन्याचे काम अवघड आहे. आपल्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा १३८ तास ओव्हरटाइम झाला, म्हणजे ३४ तासांचे १४७.२२ डॉलर येणे आहेत. त्या महिन्यात मात्र विश्रांतीच्या नोंदीसुद्धा रोज सकाळी आठ ते बारा आणि दुपारी एक ते पाच अशाच साच्यात भरलेल्या आहेत, अगदी रविवारीसुद्धा. या नोंदीवरून तर गॅरंटीड तासही भरत नाहीत, त्यामुळे ती खरी नाही हे उघड आहे. पण ती खोटी ठरवण्याने आपले ३४ तास सिद्ध होत नाहीत. होल्ड क्लीनिंग कधी सुरू झाले आणि कधी संपले हे डेक लॉगबुकात लिहिलेले असते, म्हणून त्या दिवसांची पाने मी मागवली आहेत. आपण रोजचे तास स्वतःच्या वहीत किंवा मोबाइलवर टिपले असतील, बोसनने गटावर टाकलेले कामाचे संदेश असतील, तर ते जसेच्या तसे हवे आहेत. त्यांत नंतर भर घालू नये, खाडाखोडही करू नये.

सही करताना चीफ ऑफिसरने घाई केली, असे आपण कर्मचाऱ्याला सांगितल्याचे मला कळले. जहाजावर नकार देणे सोपे नसते, याची मला जाणीव आहे. तरीही तेथे सही करतानाच शेजारी आपण मोजलेले तास आणि तारीख लिहिता येते आणि स्वतःच्या नोंदीची प्रत मागणे हा खलाशाचा हक्क आहे. आपण ती प्रत मागून घेतली होती, म्हणून निदान २७ तास आज हातात आहेत.

आमच्या बाजूने एक बदल या आठवड्यापासून केला आहे. फोनवर आता एकूण आकडा सांगितला जात नाही. बेसिक, ओव्हरटाइमचे तास व त्यापुढील दर, लीव्ह पे आणि तो कधी मिळणार, एवढे मराठीत लिहिलेले एक पान करारासोबत दिले जाते आणि त्यावर आमची सही असते.

शनिवारी सकाळी अकरा वाजता मी धंतोलीच्या कार्यालयात आहे. आपण वही आणि मोबाइल घेऊन यावे, वडिलांनाही सोबत आणावे, कारण १४४ चा प्रश्न त्यांच्याही मनात असेल. कंपनीचे उत्तर महिनाभरात आले नाही किंवा ते आपल्याला पटले नाही, तर नौवहन महासंचालनालयाकडे तक्रार करण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. ती आमच्या कार्यालयाविरुद्ध असली तरी लागणारी सर्व कागदपत्रे मी स्वतः काढून देईन.

आपला,
संचालक, नागपूर कार्यालय