तो फोडणीचा भात

गल्लीतल्या लोकांना नाश्ता आणि डबे द्यायला सुरुवात करून मला तीन वर्षं झाली. हल्ली धुळ्यात बऱ्याच जणी हे काम सुरू करतायत. परवा एकीने विचारलं, "ताई, स्वच्छतेचं काय काय पाहावं लागतं?" मी टोपी, एप्रन, नखं असं काहीबाही सांगून मोकळी झाले. पण खरी गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगायला लाज वाटते.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. एका घरी साखरपुड्याची पंगत होती, तिथली भाताची ऑर्डर माझ्याकडे होती. दोन किलो तांदळाचा भात केला आणि त्यातला अर्ध्याहून जास्त उरला. रात्री पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ओट्यावरच राहू दिला. सकाळी कांदा, मिरची, शेंगदाणे घालून चांगला वाफ येईपर्यंत परतला आणि नाश्त्याच्या ऑर्डरीत दिला. आठ वाजता पोरांनी खाल्ला. अकराच्या आत दोन घरांतून फोन आले, पोरांना उलट्या होत होत्या. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय व्हयनं वं माय?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्रीचा भात होता का?" संध्याकाळपर्यंत पोरं खेळायला लागली, पण त्या दोन घरांचे डबे महिनाभर बंद होते. बरोबरच होतं त्यांचं.

माझं म्हणणं होतं की भात आंबला नव्हता, वासही नव्हता, शिवाय मी तो कडक गरम केला होता. हे तिन्ही खरं होतं, आणि तिन्हीचा काही उपयोग नव्हता. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू तांदळात मुळातच असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप, भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यातले काही एक विष सोडतात. ते विष परत उकळूनही जात नाही. म्हणजे सकाळच्या कढईत जिवाणू मेलेही असतील, पण विष राहिलं. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, हा त्याचा ठरलेला वेळ.

मग प्रश्न पडला की घरी तर आपण पिढ्यान्‌पिढ्या रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतो, तेव्हा कुणाला काही होत नाही? कधीकधी होतही असेल, आपण "उष्माघात" म्हणून सोडून देतो. पण खरा फरक पातेल्याचा आहे. चार माणसांचा उरलेला वाटीभर भात लवकर गार होतो. पाच-सहा किलोचा ढीग होत नाही. मी सुई असलेलं थर्मामीटर आणलं (आधी बर्फ-पाण्यात बुडवून शून्य दाखवतं का पाहिलं) आणि तेवढाच भात करून मोजला. रात्री आठला मधोमध 96 अंश, दहाला 74, बाराला 60, आणि सकाळी सहाला 42! वरून हात लावला तर गार लागत होता. ढिगाच्या पोटात मात्र रात्रभर जिवाणूंची उबवणी.

नियम असा की शिजलेलं अन्न एकतर 60 च्या वर गरम राहावं, नाहीतर दोन तासांत 60 वरून 21 पर्यंत उतरावं आणि पुढच्या चार तासांत 5 पर्यंत, म्हणजे फ्रीजमध्ये. आता मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातच 35 अंश असतात. पंख्याखाली ठेवून 21 येणारच नाही, कितीही वेळ गेला तरी. म्हणून भात दोन परातींत दोन बोटं जाडीचा पसरायचा, परात बर्फ-पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, वरून धुतलेलं पातळ कापड, आणि स्वच्छ उलथन्याने मधूनमधून हलवायचं. पाणी परातीत उडू द्यायचं नाही. माझ्याकडे पाऊण-एक तासात 21 येतं. मग उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये. गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये कोंबू नका, शेजारचं दूधही तापतं आणि भाताचा मध्य तरीही उबदारच राहतो.

वरण, खिचडी, फौजदारी डाळ, सगळ्यांना हेच लागू आहे. बिबड्या, पापड, शेव असल्या कोरड्या पदार्थांना ही भीती नाही, म्हणून नवख्या बायांना मी तिथूनच सुरुवात करा म्हणते. भरतातली कच्ची कांद्याची पात मी आता डबा भरतानाच घालते.

खरं सांगू? मी आता उरवतच नाही. रात्री नऊला ऑर्डरी बंद, सकाळी मोजून तांदूळ. साडेअकराला शिजलं तर साडेबाराला डबा दारात, आणि झाकणावर कागद चिकटवलेला असतो, "2 वाजेपर्यंत खा". एक काका यावर चिडतात, त्यांना चारला जेवायचं असतं. त्यांना मी फक्त भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देते.

एफएसएसएआयची नोंदणी घरगुती डब्यालाही लागते, ती करून टाका. पण त्या नोंदणीच्या कागदाला तुमचं पातेलं किती गरम आहे हे कळत नाही.

परवा पंगतीची ऑर्डर होती. भात उतरवायच्या आधीच सासूबाईंनी विचारलं, "परात कोठे शे?"