परदेशी कार्डाचा ऑटोपे आणि बंद पडलेला नंबर: आमच्या दुकानाकडून उत्तर

★☆☆☆☆ "अमेरिकेत राहून सांगलीचा नंबर चालू राहावा म्हणून या दुकानाला दर वर्षी पैसे दिले. ऑटोपे लावलेला असूनही नंबर बंद पडला आणि यांनी एकदाही वेळेवर कळवलं नाही. आता बँकेचा ओटीपी येत नाही. बाबांना दुकानात नुसतं बसवून ठेवलं."

ताई, नमस्कार. तुम्हाला आणि काकांना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. इतक्या वर्षांचा नंबर जाणं म्हणजे काय, हे मला कळतं.

पण "एकदाही वेळेवर कळवलं नाही" हे वाक्य मनाला फार लागलं. हे दुकान कळवण्यावरच चालतं. परदेशात गेलेल्यांचे नंबर मी वहीत लिहून ठेवतो आणि रिचार्ज संपायच्या आठवडाभर आधी मेसेज करतो. तुम्ही दिलेले वर्षाचे पैसे डिसेंबरपर्यंतचे होते आणि डिसेंबरपर्यंत तुमचा एकही रिचार्ज चुकलेला नाही. जानेवारीत तुमचाच मेसेज आला: "दादा, आता कंपनीच्या ॲपवर माझं इथलं कार्ड टाकून ऑटोपे लावलाय, यापुढे आठवण नको." त्या दिवशी वहीतल्या तुमच्या नावावर रेघ मारली. तरी एप्रिलमध्ये काका स्वतःच्या रिचार्जला आले तेव्हा मी आपणहून विचारलं, "ताईंच्या नंबरचं काय?" काका म्हणाले, "तिचं आपोआप होतं." यापुढे मी काय करायला हवं होतं, ते तुम्हीच सांगा.

ते आपोआप का झालं नाही, हे इथेच लिहितो. तुमच्यासारखे बरेच जण याच जागी फसतात.

5 जानेवारीला तुम्ही 84 दिवसांचा प्लॅन घेतला. पैसे गेले, प्लॅन लागला, म्हणून ऑटोपेही लागला असं तुम्ही धरून चाललात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत. एकदा पैसे भरणं परदेशी कार्डावर होऊन जातं, फक्त त्या पेमेंट पेजवर बाहेरची कार्डं चालायला हवीत. दर वेळी आपोआप पैसे कापायचे असतील तर मात्र ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मँडेट, म्हणजे दर वेळी पैसे कापायला ग्राहकाने आधीच दिलेली परवानगी, लागतं. ते कार्ड देणाऱ्या बँकेकडे नोंदवायचं, नोंदवताना ओटीपी द्यायचा, आणि नंतर प्रत्येक वेळी पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यायची. ही सगळी व्यवस्था इथल्या बँकांनी इथल्या कार्डांसाठी उभी केली आहे. तुमची अमेरिकेतली बँक त्यात नाही. त्यामुळे कार्ड ॲपमध्ये सेव्ह झालेलं दिसतं, पण त्यामागे मँडेट बहुतेक वेळा नसतंच.

हे ओळखायची खूण सोपी आहे. मँडेट खरंच लागलं असेल तर बँकेकडून तसा मेसेज किंवा ईमेल येतो आणि पैसे कापायच्या आदल्या दिवशी सूचना येते. आदल्या दिवशी काहीच आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पैसे कापले जाणार नाहीत असं समजून लगेच हाताने रिचार्ज करावा. तुमच्या बाबतीत 28 मार्चला ही सूचना यायला हवी होती. कंपनीने "वैधता संपत आहे" असे मेसेज पाठवलेही असतील, पण ते त्याच नंबरवर जातात आणि ते सिम तुमच्या न्यू जर्सीच्या घरी कपाटात होतं. हे तुम्हीच काकांना सांगितलं होतं.

29 मार्चला वैधता संपली. पुढे रिचार्ज नाही आणि वापरही नाही, असे 90 दिवस गेले की कंपनी नंबर बंद करू शकते. ती तारीख 27 जूनच्या आसपास येते. मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायच्या नियमात एक आधार आहे: खात्यात किमान 20 रुपये मुख्य बॅलन्स असेल तर तेवढे कापून 30 दिवसांची मुदत वाढते. पण अनलिमिटेड प्लॅनवाल्यांचा मुख्य बॅलन्स बहुधा शून्यच असतो, तुमचाही होता. बंद झाल्यावर परत चालू करायला 15 दिवस मिळतात, म्हणजे साधारण 12 जुलैपर्यंत. काका माझ्याकडे ऑगस्टमध्ये आले. त्या दिवशी त्यांना बसावं लागलं, कारण मी कंपनीच्या माणसाला फोन लावून काही मार्ग निघतो का ते विचारत होतो. त्यांना मी चहा दिला, पंख्याखाली बसवलं. "नुसतं बसवून ठेवलं" असं लिहिलेलं काकांनी वाचलं तर त्यांनाही वाईट वाटेल.

परदेशात असलेल्या इतर ग्राहकांना आम्ही काय सांगतो, तेही लिहितो. एनआरओ खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं, असेल तर ऑटोपे त्या खात्याच्या यूपीआयवर किंवा डेबिट कार्डावर लावा. अमेरिकेसह काही देशांतला नंबर एनआरई किंवा एनआरओ खात्याला जोडूनही यूपीआय चालतं, मात्र तुमच्या बँकेत ती सोय आहे का ते आधी विचारून घ्या. खातं नसेल तर परदेशी कार्डाने 365 दिवसांचा प्लॅन एकदाच हाताने भरा आणि तारीख कॅलेंडरमध्ये टाका. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नुसत्या कॉल-एसएमएसच्या व्हाउचरनाही 365 दिवसांपर्यंत मुदत दिली आहे. ओटीपीपुरता नंबर ठेवणाऱ्याला डेटाचे पैसे कशाला? आणि सिम कपाटात ठेवू नका, जुन्या फोनमध्ये इंटरनॅशनल रोमिंग चालू करून ठेवा. वैधता असूनही रोमिंग बंद असेल तर तिकडे ओटीपी पोचत नाही.

आमच्याकडूनही सुधारणा करतो आहोत. यापुढे कोणी "आठवण नको" म्हटलं तरी पहिल्या ऑटोपेच्या वेळी एखादा मेसेज करायचा, असं काहीतरी ठरवतो आहे.

आता तुमचं तातडीचं काम. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात. 27 जूनपासून मोजलं तर सप्टेंबर अखेरीपासून तो दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याला जातील. म्हणून या आठवड्यातच बँकेला कळवून जुना नंबर काढायला सांगा आणि अमेरिकेतला नंबर नोंदवता येतो का ते विचारा. व्हॉट्सॲप त्या नंबरवर अजून चालत असेल तर सेटिंग्जमधून आजच नंबर बदला. काकांच्या बँक खात्याला तुमचा नंबर जोडलेला असेल तर त्यांना पासबुक घेऊन दुकानात पाठवा. फॉर्म मी भरून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.