काकांचं ‘हं’

“दोन तास चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्याची एका पानाची चेकलिस्ट करून टाका. सोमवारी नवीन मुलं येताहेत,” मॅनेजरसाहेब म्हणाले. शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला. वर “अर्ध्या तासाचं तर काम आहे,” हेही म्हणाले. अर्थात ते काम दुसऱ्याचं होतं.

रेकॉर्डिंग आमच्या कॅशियरकाकांचं. काका सहा महिन्यांत निवृत्त होणार, म्हणून शाखेने त्यांचं ज्ञान जतन करायचं ठरवलं. त्यासाठी पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला गेला. तो विसाव्या मिनिटाला घसरला आणि पुढचे दोन तास वीस मिनिटं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. त्यामुळे “नोट ही अशी धरायची, मग अशी फिरवायची, आणि इथं बघायचं,” हे काका सांगत असताना मला दिसत होती ती संकष्टी चतुर्थी.

पण खरी अडचण ‘त्याआधी’ या शब्दाची होती. पैसे जमा करून घेण्याबद्दल काका म्हणाले, नोटा मोजा, एंट्री करा, शिक्का मारा. मी तीन ओळी लिहून चहा प्यायलो. बावीस मिनिटांनी काका म्हणाले, “अरे हो, मोजायच्या आधी स्लिपवरची अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का बघायचं.” आणखी अर्ध्या तासाने, “आणि त्याच्याही आधी मागचा नोटांचा तपशील भरलाय का बघायचा.” शेवटी मी एकेक वाक्य एकेका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठ्या पलंगावर मांडल्या. बायको म्हणाली, “एकट्यानेच रमी?”

हा क्रम म्हणजे नुसता नीटनेटकेपणा नाही. आधी मोजलं आणि मग स्लिप चुकीची निघाली, तर स्लिप दुरुस्त करायला ग्राहक बाजूला जातो, पैसे आपल्याकडे राहतात, आणि परत आल्यावर तो म्हणतो, “मी तर एक नोट जास्त दिली होती.” म्हणूनच काकांचा दुसरा नियम: शिक्का मारून पावती हातात देईपर्यंत त्याच्या नोटा ड्रॉवरमधल्या नोटांत मिसळायच्या नाहीत. एकदा मिसळल्या की कोणाची नोट कोणती, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. हे वाक्य मी चेकलिस्टमधून जड मनाने काढलं.

खोट्या नोटेचा किस्सा अकरा मिनिटांचा. त्यात एक आजोबा, पाचशेची नोट, बैलबाजार आणि आजोबांच्या जावयाचा स्वभाव, सगळं आलं. गाळून उरलं ते इतकंच: खोटी नोट ग्राहकाला परत द्यायची नाही, तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची, आणि त्याला पावती द्यायची. जावयाला मी एका ओळीत बसवून पाहिलं, बसला नाही.

रविवारी रात्री पान तयार झालं. एकोणीस पायऱ्या, प्रत्येकीत एकच क्रियापद. खोकला, चहा, “हं”, “बरं का” सगळं साफ.

सोमवारी नवी मुलगी काउंटरवर बसली, मागे काका. तिने पानाबाहेर एक बोटही हलवलं नाही. मला भरून आलं. संध्याकाळी टॅली केली. सकाळची शिल्लक अधिक जमा वजा दिलेले पैसे, हे सगळं बरोबर मांडलं होतं, पण ड्रॉवरमध्ये नऊशे रुपये कमी. मुलगी रडकुंडीला आली. मी चेकलिस्ट खिशात घातली.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “नऊशे ना? नऊने भाग जातोय. म्हणजे आकडे उलटलेत. शेजारशेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. स्लिपा काढ.” सातव्या स्लिपवर सापडलं. रक्कम ४,५०० आणि एंट्री ५,४००. पैसे कुठेच गेले नव्हते.

“पण काका, ही युक्ती रेकॉर्डिंगमध्ये नाही!”

“विचारलंत कुणी?”

“आणि चुकीचा आकडा पास झालाच कसा? तुम्ही काय करता?”

“काय करणार? एंट्री पास करायच्या आधी स्क्रीनवरचा आकडा स्लिपशी ताडून बघतो.”

“हे सांगितलंत कुठे?”

“सांगितलं की. एंट्री करून दाखवली, मग म्हणालो, हं.”

घरी येऊन मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. एक तास सात मिनिटांवर की-बोर्डची टकटक, मग शांतता, मग स्वच्छ, समाधानी “हं”. त्यानंतर एंटरचा आवाज. विसावी पायरी लिहून झाली. मग मोजत गेलो. काकांचे असे आणखी सतरा “हं” आहेत. नऊ कशाचे आहेत ते उद्या त्यांनाच विचारणार आहे. उरलेल्या आठांच्या वेळी समोर चहा आलेला असावा.