बी विंगचा काळा खांब

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा रविवारी होती आणि अहवालात लाईटबिलाचा चार्ट टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कमिटीत लॅपटॉप वापरणारा मी एकटाच. मी म्हटलं त्यात काय, एक्सेलमध्ये आकडे सिलेक्ट करायचे, चार्ट इन्सर्ट करायचा, चहा थंड व्हायच्या आत काम खलास.

तीन विंग, चार तिमाह्या, बारा खांब. जिने, लिफ्ट, पंपाचं बिल. ए निळी, बी नारंगी, सी राखाडी, स्क्रीनवर असा झकास दिसत होता की मी बायकोला बोलावून दाखवला. तिने "हं" केलं आणि गेली.

मग कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, रंगीत काढू का साधं?" साठ प्रती होत्या, म्हटलं साधं काढ. पान हातात आलं आणि पोटात गोळा आला. बी आणि सी जुळे भाऊ! नारंगी आणि राखाडी हे स्क्रीनवर कितीही वेगळे वाटोत, रंग काढून टाकला की दोघांचा उजेड जवळपास सारखाच, त्यामुळे कागदावर दोन्ही एकाच ढगाळ रंगाचे. खालची पट्टी म्हणते हा चौकोन बी, हा चौकोन सी, आणि दोन्ही चौकोन सेम. मागच्या बारीक आडव्या रेषा तर झेरॉक्सने ठिपके ठिपके करून टाकल्या होत्या, जणू पानाला गोवर आलाय.

तरी खरा घोळ पुढेच होता. चेअरमन काकांनी ते पान पाहिलं आणि ओरडले, "अरे, बी विंगचं बिल ए च्या दुप्पट?" मी आकडे पाहिले. ए ची सगळ्यात कमी तिमाही 41,200 आणि बी ची सगळ्यात जास्त 47,800, म्हणजे फरक सोळा टक्के. पण उभा अक्ष 36,000 पासून सुरू झालेला! आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःच्या मनाने शून्य सोडून वरून सुरुवात करतं. रेषांच्या चार्टला ते चालून जातं, पण खांबाची उंची म्हणजेच आकडा ना, पाय कापल्यावर उरलेल्या धडांची तुलना करून काय उपयोग. 36,000 च्या वर ए चे उरले 5,200 आणि बी चे 11,800, झाले की दुपटीहून जास्त. हा चार्ट तसाच सभेत गेला असता तर बी विंगच्या काकूंनी मला पंपाच्या खोलीत कोंडलं असतं.

म्हणून अक्षावर राईट क्लिक, Format Axis, Minimum मध्ये 0, Major मध्ये 10000. आता सगळे खांब जवळपास सारखे दिसायला लागले. काका म्हणाले, "मग यात दाखवतोय काय?" म्हटलं काका, हेच दाखवतोय, फार फरक नाहीये. त्यांना पटलं नाही म्हणून प्रत्येक खांबावर हजारात आकडा टाकला, 41.2, 47.8 असा. आकडे वर आले म्हटल्यावर आडव्या रेषांची गरजच संपली, त्या डिलीट केल्या, गोवर बरा झाला.

रंगांसाठी आधी पट्ट्यापट्ट्यांचं डिझाईन भरून पाहिलं, तर चार्ट पायजम्याच्या दुकानासारखा दिसायला लागला. शेवटी एक विंग काळी, एक मधली राखाडी, एक पांढरी पण काळ्या बॉर्डरची. तीन खांबांना एवढं पुरतं, पाच विंग असत्या तर राखाडीच्या इतक्या छटा कागदावर ओळखू आल्या नसत्या.

मग फॉन्ट. एक्सेलमध्ये चार्ट 24 सेंटीमीटर रुंद ठेवलेला, अक्षर 10 पॉइंटचं. त्याचं चित्र करून वर्डमध्ये 12 वर आणलं की अक्षर 5 पॉइंटचं होतं, आणि आमच्या सोसायटीचं सरासरी वय बघता ते म्हणजे मुंग्यांची रांग. त्यातून मराठी, वेलांट्या आधी जातात. आता चार्टच एक्सेलमध्ये Format मध्ये जाऊन 12 चा केला, फॉन्ट 9 ठेवला आणि वर्डमध्ये पेस्ट केल्यावर त्याला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. "एप्रिल ते जून 2024" हे जागा नसल्यामुळे तिरकं झोपत होतं, त्याचं "एप्रि-जून" केलं, वर्ष शीर्षकात ढकललं. उठून सरळ उभं राहिलं.

साठ प्रती काढायच्या आधी यावेळी शहाण्यासारखी एकच साधी प्रत काढून हात लांब करून चष्म्याशिवाय पाहिली. तिन्ही विंग वेगळ्या दिसल्या, आकडे वाचता आले.

सभेत मिसळीची घाई होती, त्यामुळे हिशोब दहा मिनिटांत मंजूर होणार असं वाटत होतं. तेवढ्यात बी विंगच्या काकू पान हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"सेक्रेटरी, मला एक सांगा. काळा रंग आमच्याच विंगला का?"