चढावर भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो

“ट्रेडमिल 12 टक्के चढावर ठेवा. गुडघ्यांवर शून्य भार, पाय तेच काम करतात, फक्त ग्लूट्स, म्हणजे नितंबांचे स्नायू, आणि पोटऱ्या दुप्पट चालतात. सपाट धावायची गरजच उरत नाही.”

असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. आधी त्यातलं गुडघ्यांचं बघू. यात खरं आहे ते असं की चढावर पाऊल कमी उंचीवरून पडतं, त्यामुळे टेकताना बसणारा दणका कमी होतो. गॉटशॉल आणि क्रॅम या संशोधकांनी 2005 मध्ये ताशी सुमारे 11 किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांची मोजमापं घेतली. 9 अंशांच्या चढावर, म्हणजे जवळपास 16 टक्क्यांवर, टेकतानाचा तो टोकदार धक्का दिसेनासाच झाला. पण त्याच चढावर शरीर पुढे ढकलणारा जोर सपाटीपेक्षा 75 टक्क्यांनी वाढला. दणका कमी होणं आणि भार शून्य होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीर वर उचलायचं काम कुणाला तरी करावंच लागतं.

ते कोण करतं, ते घोट्यापासून बघू या. 12 टक्के म्हणजे सुमारे 7 अंश. टाच पट्ट्यावर टेकवून चालायचं असेल तर सपाटीच्या मानाने घोटा तेवढाच जास्त दुमडावा लागतो आणि टाचेमागची शीर ताणली जाते. घोटा तितका दुमडत नसेल, किंवा तुम्ही धावत असाल, तर पाऊल चवड्यावर पडतं, टाच अधांतरी राहते आणि ती तोलून धरायचं काम पोटरीवर येतं. हे तपासायचं तर मोबाईल पट्ट्याच्या उंचीवर बाजूला ठेवून मिनिटभर चित्रण करा आणि पाय बरोबर शरीराखाली असतानाचं दृश्य थांबवून टाच बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या चार पावलांत टाचेच्या वर दोन-तीन बोटांच्या अंतरावर दुखलं, तर चढ फार लवकर वाढवला गेलाय. 12 वरून 3-4 टक्क्यांवर या आणि मग हळूहळू वाढवा.

“पाय तेच काम करतात” हे तर साफ चूक आहे. वेग तोच ठेवून चढ वाढवला की पावलांतलं अंतर कमी होतं, पावलं भराभर पडतात आणि दोन्ही पाय हवेत असण्याचा वेळ घटतो. पाऊल टेकताना गुडघा आणि खुबा जास्त वाकलेले असतात आणि धड थोडं पुढे झुकतं. त्या वाकलेल्या खुब्यातून शरीर सरळ करत वर ढकलणं हे मुख्यतः ग्लूट्स आणि मांडीमागच्या स्नायूंचं काम. चढावर जे जादा यांत्रिक काम लागतं त्याचा मोठा वाटा खुबाच उचलतो. म्हणजे ग्लूट्सबद्दलचा मुद्दा दिशेने बरोबर आहे. माझा आक्षेप “दुप्पट”ला आहे, कारण तुलना कोणत्या वेगाशी केली तेच त्यात सांगितलेलं नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या प्रचलित सूत्राने हिशोब केला तर सपाटीवर ताशी 10 किलोमीटरला जेवढा ऑक्सिजन लागतो, तेवढाच 10 टक्के चढावर ताशी 6.9 किलोमीटरला लागतो. वेग न उतरवता चढ दिला तर सगळेच स्नायू जास्त राबणार, त्यात ग्लूट्सचं वेगळं असं काही राहत नाही. दम सारखा ठेवून तुलना केली की फरक बराच आटतो. आणि सपाटीवर जोरात धावतानाही ग्लूट्स भरपूर काम करतात.

हे सगळं हात मोकळे असतील तरच. पुढची दांडी घट्ट धरून, कोपर ताणून, मागे रेललेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. 12 टक्क्यांवर 7 अंश मागे रेललं की शरीर आणि पट्टा यांच्यातला कोन सपाटीइतकाच होतो. घोटा जादा दुमडत नाही, खुबा जादा वाकत नाही, वर खेचायचं काही काम हात करतात. पडद्यावर मात्र 12 चा आकडा आणि चढाच्या हिशोबाच्या कॅलरी दिसतच राहतात. दांडी सोडल्यावर तोल जात असेल तर आधी वेग कमी करा, मग चढ.

सपाट धावणं सोडायचं का? ज्याला धावायचं आहे त्याने नाही. लांब पाऊल, हवेतला वेळ आणि टेकतानाचा दणका झेलायची सवय ही सपाटीवरच होते. नुसतं चढावर चालून महिने काढले आणि एका सकाळी थेट रस्त्यावर 5 किलोमीटर धावलात, तर नडगी आणि गुडघ्यांना तो दणका नवाच असतो. धावण्याकडे परतताना आठवड्यातून दोनदा, सपाटीवर 1 मिनिट धावणं आणि 1 मिनिट चालणं असं 20 मिनिटं करा, आणि त्या दिवशी चढ 0 ठेवा.