जांभई आणि ऑक्सिजनची थाप

परवा मुलीने विचारलं, "बाबा, जांभई का येते?" मीही अजिबात विचार न करता ठोकून दिलं, "मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की येते." मला लहानपणी हेच सांगितलं होतं. तिने ते मान्य केलं आणि खेळायला गेली. रात्री मात्र मला चैन पडेना, म्हणून वाचायला बसलो. तेव्हा कळलं की हे उत्तर 1987 सालीच खोटं ठरलंय. म्हणजे मी ते शाळेत पाठ करत होतो तेव्हाच!

ते खोटं ठरवलं रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, आणि किती सरळ पद्धतीने बघा. ऑक्सिजन कमी पडल्याने किंवा कार्बन डायऑक्साइड वाढल्याने जांभई येत असेल, तर हवा बदलली की जांभयाही बदलायला हव्यात. त्याने विद्यार्थ्यांना कधी शुद्ध ऑक्सिजन हुंगायला दिला, तर कधी 3 ते 5 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा. नेहमीच्या हवेत तो एक टक्क्याच्या शंभरातल्या चार भागांइतका असतो, म्हणजे हा डोस केवढा मोठा ते लक्षात येईल. श्वास भराभर चालू लागले. जांभयांची संख्या होती तिथेच राहिली. व्यायाम करून धाप लागली तरी तेच. श्वासाचं गणित शरीर श्वासानेच सोडवतं, त्यात जांभईला कोणी विचारत नाही.

शिवाय गर्भातलं बाळही जांभई देतं, सोनोग्राफीत ते स्पष्ट दिसतं. तिथे हवाच नाही, फुफ्फुसात पाणी भरलेलं. ते बिचारं कुठला ऑक्सिजन ओढणार?

याच प्रोव्हाइनची एक युक्ती घरी करून बघण्यासारखी आहे. जांभई येऊ लागली की दात घट्ट आवळून धरा. श्वास आत जातो, पण जांभई पुरी झाल्याचं समाधान काही होत नाही, शिंक अडकल्यासारखं वाटत राहतं. मी केलं, अक्षरशः वैताग आला. फक्त हवा आत घेणं हेच काम असतं तर दातांच्या फटीतूनही भागलं असतं. जबडा पूर्ण ताणला जाणं हा जांभईचा गाभा दिसतो. का, ते पुढचं कोडं.

आता सध्या सगळ्यात जास्त चर्चा असलेल्या उत्तराकडे येतो. अँड्र्यू गॅलप नावाचा संशोधक म्हणतो की जांभई म्हणजे मेंदूचा पंखा. जबडा ताणला की डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो, आत ओढलेल्या गार हवेने नाकातोंडातलं रक्त थंड होतं, आणि मेंदूचं तापमान किंचित उतरतं. 2007 साली त्याने लोकांना जांभया देणाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. काहींच्या कपाळावर थंड पट्टी होती, काहींच्या कोमट किंवा साधी. साध्या-कोमट पट्टीवाल्यांपैकी 41 टक्के लोकांनी जांभई दिली, थंड पट्टीवाल्यांपैकी फक्त 9 टक्के. पुढे त्याच्या गटाने उंदरांच्या मेंदूत तापमापक बसवून पाहिलं. जांभईच्या आधी तापमान अगदी थोडं, साधारण 0.1 अंश, चढतं आणि नंतर उतरतं.

मला ही कल्पना आवडते ती तिच्यातल्या धोक्यामुळे. ती खोटी असेल तर पकडली जाण्याची सोय तिच्यातच आहे. पंखा म्हटला की बाहेरची हवा महत्त्वाची. हवा अंगाइतकीच गरम असेल तर ती आत ओढून काय उपयोग? आणि कडाक्याची थंडी असेल तर पंख्याची गरजच काय? म्हणजे जांभया मधल्याच तापमानाला जास्त यायला हव्यात.

हे रस्त्यावर तपासलं गेलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या टूसॉन शहरात 160 पादचाऱ्यांना जांभया देणाऱ्यांचे फोटो दाखवून विचारलं, तुम्हाला आली का? हिवाळ्यात, सुमारे 22 अंशांना, 45 टक्के लोक हो म्हणाले. उन्हाळ्यात, 37 अंशांना, 24 टक्के. ठीक आहे, पण यावर कोणीही म्हणेल की उन्हाने जीव जात असताना फोटो कोण नीट बघतो? म्हणून नंतर तोच प्रयोग व्हिएन्नामध्ये केला. तिथला उन्हाळा 19-20 अंशांचा, हिवाळा गोठणबिंदूच्या जवळ. आणि निकाल उलटा लागला! उन्हाळ्यात जवळजवळ 42 टक्के, हिवाळ्यात 18. एका शहरात हिवाळा जिंकला, दुसऱ्यात उन्हाळा, पण दोन्हीकडे जिंकलं ते विशीतलं तापमान. ऋतूचा मुद्दा निकालात निघाला. हे वाचून मी खरंच खुर्चीतून उठलो.

मग प्रश्न सुटला का? माझ्या मते नाही, आणि बातम्यांत हे कोणी सांगत नाही. कपाळावरची पट्टी, टूसॉन, व्हिएन्ना, तिन्ही ठिकाणी मोजली गेली ती लागण झालेली जांभई, म्हणजे दुसऱ्याचं बघून आलेली. आपण एकटे बसलेलो असताना, काही न बघता, आपसूक येते ती जांभई वेगळी. गर्भातल्या बाळाला येते ती ही. दुसऱ्याचं बघून जांभई मुलांना साधारण चार-पाच वर्षांची झाल्यावर नीट येऊ लागते. दोन्हींचा ट्रिगर वेगळा आहे, मग एकीवरून दुसरीचं कारण कसं ठरवायचं? उंदरांच्या जांभया आपसूक होत्या हे खरं, पण तिथे दुसरी अडचण आहे. जांभईनंतर तापमान उतरलं म्हणून जांभई त्यासाठीच आली, असं होत नाही. जिना चढल्यावर घाम येतो म्हणून आपण घाम यावा यासाठी जिना चढत नाही. आणि 0.1 अंशाच्या फरकाने मेंदूचं काम खरंच सुधारतं का, हा प्रश्नही आहेच.

"जांभईने तरतरी येते" हे दुसरं लाडकं उत्तरही असंच डळमळीत आहे. जांभईच्या आधी आणि नंतर मेंदूच्या विद्युतलहरी तपासल्या, तेव्हा जांभईने माणूस अधिक जागा झाल्याची खूण सापडली नाही.

कुठून येते हे मात्र बरंच माहीत आहे. ती मेंदूच्या अगदी खालच्या, जुन्या भागातून येते. पक्षाघाताने एक हात पूर्ण लुळा पडलेल्या काही रुग्णांमध्ये जांभई देताना तो हात आपोआप वर उचलला जातो. जांभई संपली की खाली पडतो, आणि मनात आणून तो बोटभरही हलवता येत नाही. इच्छेची वाट बंद, जांभईची चालू.

मग माणसाच्या आपसूक जांभईवर, मेंदूचं तापमान मोजत, थेट प्रयोग का होत नाही? कवटीच्या आत तापमापक घालणं उंदराइतकं सोपं नाही, हे एक. दुसरं म्हणजे कोणी बघतंय असं कळलं की जांभया कमी होतात. आणि जांभईचा विचार केला की वाढतात! मी हौसेने आठवडाभर वहीत स्वतःच्या जांभयांची नोंद ठेवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी 11, दुसऱ्या दिवशी 23. तिसऱ्या दिवशी वही उघडतानाच एक आली, ती आपसूक या रकान्यात लिहायची की लागण या, ते ठरेना. वही मुलीला देऊन टाकली. तिने त्यात मांजरं काढलीत. त्यातलं एक जांभई देतंय.