मेसेज डिलीट केला तरी काकीने वाचलाच

चवथीला चार दिवस झाले तरी माझा राग उतरत नाहीये आणि आज लिहितेच सगळं, कारण माझ्यासारखाच फोन उघडा टाकून फिरणारे अजून कितीतरी जण असणार.

चवथीच्या दिवशी सकाळी मी फोंड्याहून स्कूटरने मामाच्या गावी निघाले, वाळपईच्या पुढे आत, जिथे रेंज म्हणजे अंगणातल्या फणसाखाली उभं राहिलात तर एखादी काडी. होंडा सोडल्यावर कधीतरी मामेबहिणीचा मेसेज आला. मी गाडीवर, मला कळलंच नाही. तिने लिहिलेलं की टेस्ट पॉझिटिव्ह आली, दीड महिना झालाय, कोणालाच सांगू नको. मागच्या वेळी अडीच महिन्यांनी गेलं होतं तिचं, म्हणून या वेळी तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. पाठवल्यावर तिलाच भीती वाटली, आज सगळे एका घरात असणार, म्हणून पाच-सात मिनिटांत तिने तो सगळ्यांसाठी डिलीट केला आणि निश्चिंत झाली बिचारी.

पण तोपर्यंत माझी रेंज गेली होती! डिलीट करणं म्हणजे काय, तर समोरच्या फोनला जाणारा आणखी एक निरोपच ना, की तो आधीचा मेसेज काढून टाक. तो निरोप पोचायला नेट लागतं. रेंज असती तर लॉक स्क्रीनवरचा मजकूर जाऊन तिथे मेसेज डिलीट झाला एवढंच आलं असतं, पण माझ्या फोनला काहीच कळलं नाही, त्याने आधीचा मजकूर तसाच धरून ठेवला. मी घरी पोचले, सोप्यावर फोन चार्जिंगला लावला आणि माटोळी बघायला आत गेले. चार्जर लावला की स्क्रीन उजळते. तिथे बसलेल्या काकीने वाकून वाचलं, आणि वाचून गप्प बसावं ना, तर आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "आगे, हिचं परत राहिलं वाटतं!" मामीच्या हातात नेवऱ्यांचं ताट होतं. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

दुसऱ्याच्या फोनवर नजर जाते हे मी समजू शकते, पण वाचलेलं तोंडातून बाहेर काढायचं की नाही हे तर आपल्या हातात असतं ना? त्यावर वर मलाच ऐकवलं, "उघडं ठेवलंस तर दिसणारच." म्हणजे चूक माझी!

मी धावत येऊन फोन उचलला, चॅट उघडून आख्खी साफ केली. वाटलं आता तरी विषय संपला. दुपारी भाच्याने फोटो काढायला फोन मागितला, मी लॉक काढून दिला, आणि दहा मिनिटांनी हा बारा वर्षांचा मुलगा सगळ्या चुलत भावंडांना गोळा करून दाखवतोय, "बघा, डिलीट केला तरी इथे आहे." शब्दन् शब्द तिथे! काकीने अर्धंच वाचलं होतं, आता मागच्या वेळचं सगळं सुद्धा पोरांनी मोठ्याने वाचून काढलं.

हे कुठून आलं तर अँड्रॉइड 11 पासून फोनमध्ये Notification history नावाची सोय आहे, ती चालू असली की मागच्या 24 तासांत आलेली नोटिफिकेशन्स फोन एका यादीत ठेवतो. चालू कोणी केली? याच भाच्याने, मे महिन्याच्या सुट्टीत, ग्रुपवर लोक काय लिहून पुसतात ते बघायला, आणि मला सांगितलं सुद्धा नाही. मी तेव्हापासून त्याच फोनवर सगळं बोलत होते!

घरी आल्यावर शांत डोक्याने बसून मी हे सगळं समजून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपने मजकूर एकदा नोटिफिकेशन म्हणून फोनच्या हवाली केला की यादीत ठेवलेली ती प्रत फोनची होते. चॅट साफ केली की अ‍ॅपमधलं जातं, लॉक स्क्रीनवरचं नोटिफिकेशनही जातं, पण यादीतली प्रत तिथेच राहते. ती काढायची तर सेटिंगमध्ये Notifications मध्ये जाऊन Notification history बंद करायची (सॅमसंगला ती Advanced settings च्या आत सापडते). बंद केली की साठलेली यादीही पुसली जाते. मी बंद करून पुन्हा चालू करून पाहिली, रिकामी होती, मग कायमची बंद केली.

आणि लॉक स्क्रीनचं वेगळं आहे, यादी बंद केली म्हणून तिथला मजकूर लपत नाही. त्याच Notifications मध्ये लॉक स्क्रीनसाठी पर्याय असतो, कुठे Sensitive notifications नावाने, सॅमसंगला Hide content नावाने. नोटिफिकेशन येतं पण मजकूर लपतो. मात्र पिन किंवा पॅटर्न हवाच. माझा फोन नुसता बोट सरकवून उघडायचा, आईला सोपं पडावं म्हणून, आणि तसल्या फोनवर हे लपवणं काही कामाचं नाही! आधी पिन लावला, मग लपवलं, मग नवऱ्याला मेसेज पाठवायला सांगून फोन लॉक करून टेबलावर ठेवला आणि बघितलं, अ‍ॅपचं नाव दिसतं, बाकी काही नाही. हे स्वतः करून बघा, सेटिंग केली म्हणून विश्वास ठेवू नका, मला बघितल्यावरच कळलं की हातातल्या बँडवर तोच मेसेज पूर्ण वाचता येतोय! बँडला नोटिफिकेशन वेगळी जातात, त्याच्या अ‍ॅपमधून मेसेजची नोटिफिकेशन बंद करावी लागली. आणि फोन उघडा कोणाच्या हातात असला तर वरून पट्टी येतेच, ती या सेटिंगने थांबत नाही.

सगळ्यात पक्कं मला सापडलं ते व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट लॉक. 2023 पासून आहे म्हणे, आणि मला चवथीनंतर कळतंय! एखाद्या माणसाची चॅट लॉक केली की नोटिफिकेशनमध्ये ना नाव येतं ना मजकूर, नुसता नवीन मेसेज आलाय एवढंच. मजकूर फोनच्या हवालीच होत नाही, मग यादीत साठायला काय राहणार, आणि रेंज नसली तरी काकी काय वाचणार? मामेबहिणीची चॅट मी त्याच रात्री लॉक केली.

पण तिला काय सांगू? ती रडत म्हणाली, मी तर लगेच पुसला होता गं. तिने तिच्या बाजूने सगळं बरोबर केलं होतं. आता मामी रोज दोनदा फोन करून तब्येत विचारते, गावातल्या बायकांना कळलंय, आणि तिला तीन महिने होईपर्यंत ज्या शांततेत राहायचं होतं ती गेली. काल काकीचा मला फोन, "डॉक्टर काय म्हणतात गं तिचे?" मी काही न बोलता कट केला. भाच्याच्या आईला स्पष्ट सांगितलंय, याच्या हातात यापुढे माझा फोन नाही.